चंद्राची दुसरी चाल

बाळ जन्माला येते. पुढच्या नव्वद दिवसांत चंद्र राशिचक्राच्या तीन प्रदक्षिणा पुऱ्या करून चौथीला लागतो. पाश्चात्त्य ज्योतिषातली दिनवर्ष पद्धती म्हणते, की त्या नव्वद दिवसांत नव्वद वर्षांचे आयुष्य मांडून झाले. जन्मानंतरचा एक दिवस म्हणजे आयुष्याचे एक वर्ष. बाळाने अजून मान धरलेली नसते आणि त्याच्या साठीतला चंद्र आकाशातून येऊन गेलेला असतो.

या पद्धतीला तिकडे ‘सेकंडरी प्रोग्रेशन’ म्हणतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून सारे आकाश दिवसातून एकदा फिरताना दिसते. ती पहिली चाल. त्या फिरत्या आकाशात प्रत्येक ग्रह आपापल्या वेगाने राशींतून पुढे सरकतो, ती दुसरी. दिनवर्ष पद्धती या दुसऱ्या चालीवर उभी आहे.

*

दिवसाचे वर्ष कशावरून? बायबलातल्या यहेज्केलच्या ग्रंथात एका दिवसाला एक वर्ष धरण्याची आज्ञा आहे, तिचा दाखला दिला जातो. सतराव्या शतकात प्लॅसिडस या इटालियन साधूने आपल्या गणितात दुसऱ्या चालीला जागा दिली. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ॲलन लिओने ती सामान्य वाचकाच्या हातात ठेवली. पण यांतले काहीच कारण नव्हे. दिवस हा पृथ्वीचा एक पुरा फेरा, वर्ष हा दुसरा पुरा फेरा. लहान फेऱ्यात मोठ्याचे चित्र पाहायचे, एवढाच या पद्धतीचा पाया आहे.

पाया साधर्म्याचा असेल, तर घराने कारणाचा आव आणू नये. तुमच्या विसाव्या वर्षी आकाशातला आजचा चंद्र तुमच्यावर काही करत नाही. तुम्ही वीस दिवसांचे असताना तो जिथे होता, ती जागा आज वाचली जाते. वाचन आणि परिणाम यांत फरक आहे, आणि या पद्धतीबद्दलचे बहुतेक घोटाळे तो विसरल्याने होतात.

*

या पद्धतीत बाकीचे ग्रह जवळजवळ उभेच असतात. सूर्य वर्षाला एक अंश सरकतो, म्हणजे रास बदलायला त्याला तीस वर्षे लागतात. शनीसारखा मंद ग्रह आख्ख्या आयुष्यात जेमतेम काही अंश हलतो. धावतो तो एकटा चंद्र. म्हणून जन्मभराच्या कुंडलीत रोजच्या जगण्याजवळ येणारी हालचाल त्याचीच.

आपल्याकडच्या विंशोत्तरी महादशाही जन्माच्या चंद्रावरूनच मोजतात. पण तिथे जन्मक्षणीच्या चंद्राचे नक्षत्र पाहिले, की पुढची वर्षे ठरलेल्या मापाने वाटून दिली जातात. दिनवर्ष पद्धतीत चंद्र थांबत नाही. त्याचा खराखुरा वेग, कधी मंद कधी जलद, आयुष्याच्या मापात उतरतो.

*

पुस्तके सांगतात, प्रोग्रेस्ड चंद्र दर अडीच वर्षांनी रास बदलतो. हे बोलायला सोयीचे आहे, मोजायला नाही. चंद्राला राशिचक्र फिरायला सव्वासत्तावीस दिवसांहून थोडे अधिक लागतात. बारांनी भागले, की एका राशीला सरासरी सव्वादोन दिवस, म्हणजे सव्वादोन वर्षे. पृथ्वीपासून दूर असताना तो दिवसाला बारा अंशांहूनही कमी चालतो. मग एक रास ओलांडायला पुरती अडीच वर्षे जातात. जवळ असताना तो पंधरा अंशांपर्यंत पळतो. मग दोनच वर्षे.

मराठी कानाला अडीच वर्षे म्हटले की शनी आठवतो. साडेसाती म्हणजे त्याच्या तीन अडीचक्या. दोन्ही आकडे सारखे वाटतात, पण गोष्टी वेगळ्या आहेत. शनीची अडीचकी गोचराची आहे: तो आज आकाशात त्या राशीत खरोखर उभा असतो, सर्वांसाठी एकाच वेळी. प्रोग्रेस्ड चंद्राचा मुक्काम ज्याच्या त्याच्या जन्मक्षणापासून मोजायचा असतो. शनी बाहेरून काय अंगावर येते ते सांगतो असे मानतात. हा चंद्र आतून काय हवेसे होते ते.

*

एक उदाहरण पुरते सोडवू. जन्म १ जानेवारी २०००, संध्याकाळी साडेपाच, मुंबई. ग्रिनिचला तेव्हा दुपारचे बारा. सायन चंद्र वृश्चिकेत सव्वातेरा अंशांच्या किंचित पुढे. जातक मुलगी आहे असे धरू.

एफेमेरिसमध्ये ग्रहांची स्थिती ग्रिनिचच्या मध्यरात्रीची दिलेली असते. जन्मानंतरची पहिली मध्यरात्र बारा तासांवर. बारा तास म्हणजे अर्धा दिवस, म्हणजे अर्धे वर्ष. तेव्हा पहिली ओळ १ जुलै २००० च्या सुमाराची झाली. पुढची प्रत्येक ओळ पुढच्या वर्षाच्या जुलैची. एकदा हे बसले, की सारे आयुष्य एफेमेरिसच्या तीन-चार पानांवर वाचता येते.

आता २१ जानेवारी २००० ची ओळ घेऊ. ती जुलै २०१९ ची. चंद्र कर्केत साडेसत्तावीस अंशांवर आहे. २२ जानेवारीच्या ओळीत, म्हणजे जुलै २०२० मध्ये, तो सिंहेत बारा अंशांच्या पुढे गेला आहे. एका वर्षात चाललेले अंतर पावणेपंधरा अंशांहून थोडे जास्त. कर्क संपायला अडीच अंश उरले होते. या वेगाने त्यांना दोन महिने लागतात. म्हणजे ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस चंद्र सिंहेत शिरला.

याच रीतीने मागे जाऊ. तो धनूत शिरला मे २००१ च्या अखेरीस आणि मकरेत डिसेंबर २००३ च्या सुरुवातीला: मुक्काम अडीच वर्षांहून काही दिवस जास्त. कर्केत तो सप्टेंबर २०१७ च्या आरंभी आला आणि दोन वर्षांतच बाहेर पडला. तीच मुलगी, तोच चंद्र, आणि दोन मुक्कामांत सहा महिन्यांचा फरक. कारण १९ जानेवारीच्या सुमारास चंद्र पृथ्वीच्या जवळ आला होता.

*

राशीने नेमके काय बदलते?

घटना बदलत नाही. मागणे बदलते. चंद्र म्हणजे माणसाला सुरक्षित कशाने वाटते, कशाची भूक लागते, कुठे गेल्यावर जिवाला बरे वाटते. रास त्या भुकेला चव देते. कर्केत भूक घराची, आपल्या माणसांची, जुन्या ओळखीची. सिंहेत भूक दिसण्याची: मी केलेले कुणी पाहावे, माझ्या नावाने ओळखावे.

उदाहरणातल्या मुलीला कर्केचा चंद्र लागला तेव्हा ती पावणेअठरा वर्षांची होती. आपल्याकडे हे बारावीचे, मग घर सोडून वसतिगृहात जाण्याचे वय. कर्केचा चंद्र आहे म्हणून ती घरीच राहील, असे कुणी सांगितले तर ते चुकण्याचा संभव मोठा. घर सोडले म्हणूनच घराची भूक लागते. रास भूक सांगते, ताटात काय पडेल ते सांगत नाही. हा एक धडा नीट कळला, तर अर्धी भाकिते न करताच राहतील, आणि ते बरे.

सिंहेत गेल्यावर तिने एकदम रंगमंच गाठला असेल असेही नव्हे. एखादी मुलगी पहिल्यांदा वर्गात हात वर करते. एखादी, जिला कालपर्यंत आईचा फोन पुरत होता, ती आज कौतुक कुणी केले नाही म्हणून रुसते. राशीचा पालट बहुधा अशा लहान जागी दिसतो.

*

लागोपाठच्या दोन राशींत तत्त्व कधीच सारखे नसते. अग्नीनंतर पृथ्वी, पृथ्वीनंतर वायू, वायूनंतर जल, मग पुन्हा अग्नी. स्वभावही बदलतो: चर, स्थिर, द्विस्वभाव. त्यामुळे नवी रास जुनीचा पुढचा भाग वाटत नाही, तिचे खंडन वाटते. कर्केने जपलेले सिंहेला कोंदट वाटते. सिंहेने मिरवलेले कन्येला उथळ वाटते. ती कामाला लागते, दोष काढते, नीट करते.

म्हणून राशीच्या शेवटच्या दोनतीन अंशांतले महिने अनेकांना विटलेले जातात. ज्यात दोन वर्षे जीव रमला त्यात तो रमत नाही आणि दुसरे काय हवे ते अजून कळत नाही. या महिन्यांत माणसे स्वतःला दोष देतात: मी चंचल आहे, मला काही तडीस नेता येत नाही. ज्योतिषाने इथे एक काम जरूर करावे. तडीस न जाणे आणि पुरे होणे या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे त्यांना सांगावे.

*

सप्टेंबर २०१९ मध्ये, सिंहप्रवेशानंतर दोन आठवड्यांतच, या मुलीचा प्रोग्रेस्ड चंद्र प्रोग्रेस्ड सूर्याच्या समोर आला. सूर्य त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कुंभेत गेला होता. ही तिच्या आयुष्यातली प्रोग्रेस्ड पौर्णिमा. आकाशात ती २१ जानेवारी २००० ला झाली होती, आणि त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते.

डेन रुध्यार यांनी विसाव्या शतकात या अमावास्या-पौर्णिमांच्या सुमारे तीस वर्षांच्या फेऱ्याला महत्त्व दिले. अमावास्येला जे आत रुजते त्याचा अर्थ पौर्णिमेला डोळ्यांपुढे येतो, असा त्यांचा विचार. या मुलीची अमावास्या २००५ च्या एप्रिलमध्ये, पाच वर्षांची असताना. शाळेत पाऊल टाकताना जे सुरू झाले, ते एकोणीस-विसाव्या वर्षी तिला स्वतःला दिसू लागले. राशीचा पालट आणि पौर्णिमा एकत्र आली, म्हणून हा सांधा तिच्या इतर सांध्यांपेक्षा ठळक. सगळे राशिपालट सारख्या वजनाचे नसतात. सूर्याशी मोठा योग नसलेला पालट कित्येकदा माणसाच्या लक्षातही येत नाही.

*

आता मर्यादा.

त्या दिवशी त्या सुमारास जगात जन्मलेल्या सर्वांचा चंद्र ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस सिंहेत गेला. कुणी कॉलेजात, कुणी शेतात, कुणी आजारी. राशिपालट ही एकट्याची गोष्ट नाहीच; ती एका दिवसाच्या सर्व लेकरांची आहे. ती एकट्याची होते ती स्थानांमुळे, म्हणजे तोच चंद्र कुणाच्या चौथ्या स्थानातून जातो आणि कुणाच्या दहाव्या. आणि जन्मस्थ ग्रहांशी होणाऱ्या योगांमुळे, ज्यांची तारीख राशीपेक्षा नेमकी असते. चंद्र महिन्याला सुमारे एक अंश चालतो. एखाद्या ग्रहाशी युती झाली, तर तिचा काळ आधीचा एक महिना आणि नंतरचा एक महिना, एवढाच धरतात.

स्थानांना जन्मवेळ नेमकी लागते. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकते. चंद्राचे तसे नाही. दोन तासांची चूक म्हणजे एक महिना. जन्मवेळ ‘दिवेलागणीची’ एवढीच ठाऊक असलेल्या माणसालाही राशिपालटाचा महिना बऱ्यापैकी सांगता येतो. स्थान मात्र सांगू नये. जे माहितीत बसत नाही ते न सांगणे हाही विद्येचाच भाग आहे.

*

सर्वांत जास्त घडणारी चूक साधी आहे. भारतीय वेळ ग्रिनिचची समजून भरली जाते. साडेपाच तासांचा फरक म्हणजे आयुष्यात चौऱ्याऐंशी दिवस. आपल्या मुलीचा सिंहप्रवेश मग ऑगस्टच्या अखेरीऐवजी जूनच्या आरंभी येतो, आणि सूर्याची रास तीच राहिल्यामुळे कुणाला शंका येत नाही.

ओळखायचे कसे? सूर्य पाहावा. मुंबईत जानेवारीच्या पहिल्या दिवशी सहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो. साडेपाचच्या जन्मात तो पश्चिमेला, क्षितिजाच्या थोडा वर, म्हणजे सातव्या स्थानात हवा. चुकीच्या कुंडलीत रात्रीचे अकरा झालेले असतात आणि सूर्य चौथ्याच्या आसपास, पायांखाली दिसतो. चंद्रही तेराऐवजी सोळा अंशांवर सापडतो. सातवे स्थान मावळतीचे, चौथे मध्यरात्रीचे, एवढे लक्षात ठेवले तर ही चूक एका नजरेत पकडता येते.

*

मोठी मर्यादा राशीचीच आहे. पाश्चात्त्य रास सायन, आपले पंचांग निरयन. २००० साली दोहोंत पावणेचोवीस अंशांहून थोडे जास्त अंतर होते. चंद्राला एवढे चालायला आयुष्याच्या मापात सरासरी पावणेदोन वर्षांहून थोडे अधिक लागते. या मुलीचा सायन चंद्र सिंहेत गेला ऑगस्ट २०१९ मध्ये. निरयन मोजला तर २०२१ च्या पूर्वार्धात.

दोन तारखा, एकच चंद्र. दोन्ही पंथांची माणसे आपापली तारीख अनुभवास आली असे सांगतात. याचा प्रामाणिक अर्थ असा, की राशीची सीमा आकाशात कोरलेली नाही; ती मोजणाऱ्याने आखलेली आहे. सूर्य-चंद्रांची पौर्णिमा, जन्मस्थ ग्रहाशी युती, ही अंतरे आहेत. सायन मोजा की निरयन, त्यांची तारीख जवळजवळ तीच राहते. (निरयनात अयनगतीमुळे पडणारा फरक एवढ्या काळात नगण्य.) म्हणून तोलून पाहायचे झाले तर भार योगांवर द्यावा, रास रंग म्हणून घ्यावी. आणि सायनचे अर्थ निरयनच्या तारखांना चिकटवू नयेत. अशी सरमिसळ हल्ली फार दिसते, आणि तिच्यात दोन्ही पद्धतींची शिस्त जाते.

*

तारीख आधी कळली, की आठवण तिच्या मागे जाते. ‘ऑगस्ट २०१९ मध्ये काही बदलले का?’ असे विचारा. प्रत्येकाला काही ना काही सापडेल. या पद्धतीची खरी परीक्षा उलट्या क्रमाने करावी लागते. आधी माणसाने आपल्या आयुष्याचे सांधे लिहावेत: कशाचा ओढा कधी संपला, कशाचा कधी सुरू झाला, महिना-वर्षासह. मग गणित करावे. मग दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. जुळले नाही, तर जुळले नाही असे म्हणावे.

शॉन कार्लसन यांनी १९८५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ज्योतिषांना कुंडलीवरून माणसाचे स्वभाववर्णन ओळखायचे होते. निव्वळ योगायोगाने साधते त्याहून जास्त यश त्यांना मिळाले नाही. ती चाचणी जन्मकुंडलीची होती, प्रोग्रेशनची नव्हे. तरी तिच्याकडे पाठ फिरवून बोलता येत नाही. दिनवर्ष पद्धती सिद्ध झालेली नाही. ती आत्मपरीक्षणाची एक वेळापत्रकी रीत आहे. एवढा दावा तिला पेलतो. याहून मोठा केला, की ती मोडते.

*

ॲलन लिओवर भविष्य सांगितल्याबद्दल लंडनमध्ये दोनदा खटला झाला. १९१४ मध्ये तो सुटला, १९१७ मध्ये दंड झाला, आणि त्याच वर्षी तो वारला. अखेरच्या वर्षांत तो घटना सांगण्याकडून प्रवृत्ती सांगण्याकडे वळत होता. कायद्याच्या धाकाने का होईना, पाश्चात्त्य ज्योतिषाने तेव्हा धरलेली ही वाट या चंद्राला फार मानवली. कारण घटना सांगण्याइतकी धार त्याला नव्हतीच. भूक सांगण्याइतकी आहे.

*

मार्च २०२६ मध्ये आपल्या मुलीचा चंद्र पुन्हा वृश्चिकेत आला. एप्रिल २०२७ च्या मध्यावर तो जन्माच्या अंशावर पोहोचेल. शनीला जन्मस्थानी परतायला एकोणतीस वर्षे उलटून जावी लागतात. चंद्र सव्वासत्तावीस वर्षांतच फेरा पुरा करतो. म्हणजे जबाबदारीचा हिशेब होण्याआधी दोन वर्षे मनाचा हिशेब होतो. वृश्चिकेचा चंद्र तिला लाभला होता तेव्हा ती दीड वर्षाचीही नव्हती. त्या भुकेची तिला आठवण नाही, पण तिच्यावर ती वाढली आहे. आता पहिल्यांदाच ती भूक तिला मोठ्या माणसाच्या शहाणपणाने भेटते: कुणावर पुरता विश्वास टाकायचा, काय मुळासकट सोडायचे, वरवरचे कुठवर चालवून घ्यायचे.

तिला काय सांगावे? लग्न होईल, नोकरी जाईल, असे काही नाही. एवढेच सांगावे, की पुढची दोन-सव्वादोन वर्षे ‘काय होईल’ असे विचारू नकोस. ‘मला आता कशाने पुरेसे वाटत नाही’ असे विचार, आणि उत्तर तारखेसह लिहून ठेव. उत्तर तिचे असेल. ज्योतिषाच्या हातात फक्त प्रश्नाची वेळ होती.